मुक्कामी गाडीतला कंडक्टर

नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ सुरू होतो तेव्हा जब्या हातात गलोल घेऊन एका काळ्या चिमणीच्या मागावर असतो. तो कुठल्या जातीचा, घरी काय परिस्थिती, हे अजून कुणी सांगितलेलं नसतं. पण या पोराला काहीतरी जीव तोडून हवंय आणि ते हाताला लागत नाहीये, एवढं आपल्याला कळतं. चिमणी कशासाठी हवी, ते पुढे उलगडतं.

कथा लिहायला बसलेले बरेच जण याच्या उलट करतात. आधी नायकाची ओळख करून देतात आणि मग त्याला कामाला लावतात. ‘दत्ता पन्नाशीचा एसटी कंडक्टर. मनाने चांगला, पण फार हिशेबी.’ वाक्यात चूक काही नाही, पण वाचक ते वाचतो आणि पान उलटेपर्यंत विसरतो, कारण चांगुलपणाचं हे प्रमाणपत्र लेखकाने दिलेलं आहे. वाचकाने स्वतः पाहून जे ताडलं, तेच त्याच्या मनात राहतं.

हाच दत्ता घेऊ. संध्याकाळची मुक्कामी गाडी, म्हणजे रात्री गावातच थांबणारी, दिवसातली शेवटची. कॉलेजातला एक मुलगा पास दाखवतो. पासाची मुदत काल संपलीय. तिकीट 35 रुपये, मुलाच्या खिशात 10. पुढच्या फाट्यावर तपासणी पथक असल्याचं समोरून आलेल्या ड्रायव्हरने मघाशीच खुणावलंय. मागे प्रवासी खोळंबलेत.

आता दत्ता काय करतो? मुलाला उतरवलं तर तो नियमाचा माणूस. तसंच बसू दिलं तर दयाळू आणि बेफिकीर. ‘पास बघितलाच नाही’ असं दाखवून पुढे सरकला तर तो प्रसंग टाळणारा. प्रसंग एकच, पण प्रत्येक निवडीतून वेगळा माणूस उभा राहतो. आपल्याला हवा असलेला दत्ता मुलाचे 10 घेतो, वरचे 25 स्वतःच्या खिशातून घालतो आणि मशीनमधून तिकीट काढून त्याच्या हातात देतो. मग शर्टाच्या खिशातून छोटी डायरी काढतो, मुलाला नाव विचारतो आणि नावापुढे 25 लिहितो.

‘चांगला पण हिशेबी’ हे वाक्य आता लिहायची गरजच नाही. शिवाय या डायरीत कथेचं बीज पडलंय. जो माणूस परक्या पोराचे 25 रुपये मांडून ठेवतो, त्याने सख्ख्या भावावरचे उपकारही कुठेतरी मांडलेले असणार. पुढे घराच्या वाटणीवरून दोघे समोरासमोर येतील तेव्हा वाचकाला दत्ताची बाजू समजावून सांगावी लागणार नाही.

हा प्रसंग उभा राहिला तो किमतीमुळे. पथकाची भीती काढून टाका, मुलाच्या खिशात पूर्ण पैसे द्या, मग दत्ताने काहीही केलं तरी त्यातून काही कळणार नाही. नायक म्हातारीला रस्ता ओलांडायला मदत करतो, भुकेल्या कुत्र्याला बिस्किट घालतो, अशा सुरुवाती म्हणूनच पोकळ वाटतात. त्यात नायकाचं काहीच जात नाही, आणि त्याच्या जागी कुणीही असता तरी तेच केलं असतं. नुसती हालचालही पुरत नाही. गजर वाजला, नायक उठला, आरशासमोर दाढी केली, चहा घेतला, यात क्रिया भरपूर आहे पण निवड एकही नाही.

आपला प्रसंग जमलाय का, हे तपासायची एक पद्धत मला फार उपयोगी वाटते. कथेतलं दुसरं एखादं पात्र, दत्ताचा भाऊच म्हणा, त्या गाडीत कंडक्टर म्हणून उभं करून पाहावं. तोही नेमकं तेच करत असेल तर तो प्रसंग अजून दत्ताचा झालेला नाही. अशा वेळी स्वभावाची विशेषणं वाढवू नयेत. परिस्थिती आवळावी, म्हणजे वेळ कमी करावा, धोका वाढवावा किंवा कुणीतरी बघतंय असं करावं.

वर्णन मात्र हद्दपार करायचं नाही. गाडी मुक्कामी आहे हे वाचकाला ठाऊक नसेल, तर उतरवलेल्या मुलाला रात्र फाट्यावर काढावी लागेल हे त्याला कळणार नाही, आणि मग दत्ताच्या निवडीला वजनच राहणार नाही. निवडीची किंमत कळण्यापुरतं वर्णन हवंच, आणि ते निवडीच्या आधी हवं. दत्ताचं टक्कल, मिशा, झिजलेली चप्पल नंतर आली तरी चालेल.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो शेवटी. डायरी खिशात गेली की लेखकाला राहवत नाही. मुलगा डोळ्यांत पाणी आणून आभार मानतो, शेजारची बाई ‘देवमाणूस आहे’ म्हणते, आणि वाचकाने नुकतंच काढलेलं अनुमान त्याच्या हातातून काढून घेतलं जातं. त्या दोन्ही ओळी काढून टाकाव्यात. दत्ता 25 आकडा लिहितो, घंटी मारतो, गाडी हलते. प्रसंग तिथेच तोडावा.