दाखला एक, कारण दुसऱ्या कागदावर

कोरोनात माणूस गेला. घरच्यांनी महापालिकेतून दाखला आणला, उलटसुलट करून पाहिला. त्यावर कोरोना हा शब्दच नव्हता. ५० हजार रुपयांची सरकारी मदत आता हुकणार, अशी धास्ती २०२१ साली कितीतरी घरांनी घेतली. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाला स्पष्ट सांगावे लागले, की दाखल्यावर कोरोना लिहिलेले नाही एवढ्या कारणावरून मदत नाकारता येणार नाही.

कारकुनाची चूक नव्हती. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, १९६९ च्या कलम १७ नुसार लोकांना मिळणाऱ्या मृत्यू दाखल्यावर मृत्यूचे कारण उघड करायचे नसते. नाव, तारीख, ठिकाण, नोंदणी क्रमांक. माणूस गेला एवढेच तो सिद्ध करतो. वारसा प्रमाणपत्राच्या अर्जात न्यायालयाला तेवढेच हवे असते. बँकेचेही त्यावर भागते.

कारण असते ते डॉक्टरांनी सही केलेल्या 'फॉर्म ४' वर. घरी मृत्यू झाला असेल तर '४-अ' वर. त्यात कारणांची साखळी लिहायची असते. सगळ्यात वर प्रत्यक्ष मृत्यू ओढवणारी अवस्था, तिच्याखाली ती कशामुळे उद्भवली ते, आणि तळाशी मूळ आजार. नुसते 'हृदय बंद पडले' लिहून भागत नाही, कारण हृदय प्रत्येकाचेच बंद पडते. प्रत्येक ओळीसमोर तो आजार किती काळ होता, हेही भरायचे असते.

विमा कंपनीची नजर याच रकान्यावर जाते. समजा, एका गृहस्थांनी दोन वर्षांपूर्वी आयुर्विमा घेतला आणि अर्जात 'मधुमेह नाही' असे लिहिले. ते रुग्णालयात गेले. फॉर्मवर वर जंतुसंसर्ग, खाली पायाची चिघळलेली जखम, तळाशी मधुमेह आणि त्यासमोर 'बारा वर्षे'. नगरपालिकेचा दाखला बिनचूक असूनही दावा इथे अडतो. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे पॉलिसीला तीन वर्षे झाली, की कंपनीला ती कोणत्याही कारणाने वादात ओढता येत नाही. त्याआधी मात्र चौकशी होते. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा आणि रुग्णालयाचा तपशील मागवला जातो.

हे 'बारा वर्षे' अनेकदा भरतीच्या वेळी धांदलीत एखाद्या नातेवाइकाने अंदाजाने सांगितलेले असतात. पहिल्या निदानाचा जुना कागद वेगळे सांगत असेल, तर तो दाखवून दुरुस्ती रुग्णालयाकडेच, तीही लवकर मागावी. २०२३ च्या दुरुस्तीनंतर रुग्णालयाने या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकाला शुल्क न घेता द्यायची आहे. ती मागून घेतली नाही, तर विमा कंपनी काय वाचते आहे, हे घरच्यांना कळतच नाही.

अपघात, विषबाधा किंवा संशयास्पद मृत्यूत डॉक्टरांनी परस्पर फॉर्म ४ द्यायचा नसतो. तिथे पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल लागतो. अपघात विम्याची कंपनी आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणही तोच मागतात.