श्रावण संपल्यानंतरचा रविवार

दीप अमावास्येला, म्हणजे ज्या दिवसाला सगळे गटारी म्हणतात त्या दिवशी, वाइन शॉपसमोर रांगा लागतात. दुसऱ्या दिवसापासून असंख्य घरांत मटण आणि दारू दोन्ही बंद होतात. रोज संध्याकाळी क्वार्टर लागणारा माणूससुद्धा महिनाभर बाटलीला हात लावत नाही, आणि हे दरवर्षी घडतं. त्यामुळे दारू कायमची सोडायची असेल तर सुरुवात श्रावणापासून करावी, असं घरच्यांना आणि पिणाऱ्यालाही वाटतं. त्यात चूक काही नाही. अडचण येते ती श्रावण संपताना, आणि ती कशी येते हे आधी कळलं तर बरंच काही टाळता येतं.

मात्र सुरुवातीचीही एक अट आहे. क्वार्टर म्हणजे 180 मिली. त्यात साधारण 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. वर्षानुवर्षं रोज एवढी किंवा याहून जास्त दारू पोटात गेली की मेंदू तिच्या गुंगीला तोंड देण्यासाठी स्वतःला कायम उत्तेजित ठेवायला शिकतो. दारू एकदम थांबली की गुंगी जाते आणि उत्तेजना तेवढी उरते. शेवटच्या पेल्यानंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम सुटतो, मळमळतं, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत काहींना फिट येते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, दारात कोणी उभं असल्याचं वाटतं, घरातली माणसं ओळखू येत नाहीत. वर श्रावणी सोमवारचा उपास असेल तर पोट रिकामं आणि शरीरातलं पाणीही कमी. पुष्कळ घरांत अशा वेळी बाहेरचं काही लागलं असं समजून अंगारा लावला जातो. खरं तर तेव्हा रुग्णालय गाठायला हवं, कारण हा प्रकार जिवावर बेतू शकतो. सकाळी उठल्यावर दारू घेतल्याशिवाय ज्याच्या हाताची थरथर थांबत नाही, किंवा ज्याला पूर्वी दारू बंद केल्यावर फिट आली आहे, त्याने गटारीच्या आधीच डॉक्टरांना भेटावं. ही थरथर आणि फिट आवरणारी औषधं असतात. ती चार-आठ दिवस देखरेखीखाली घ्यावी लागतात.

पहिला आठवडा पार पडला की श्रावण खरोखर सोपा जातो. एरवी संध्याकाळी “काय, आज बसायचं का?” असा फोन येतो. या महिन्यात “श्रावण आहे” एवढं म्हटलं की विषय संपतो. कोणी आग्रह करत नाही, चेष्टा करत नाही, “एकाने काय होतंय” म्हणत नाही. बसणाऱ्यांपैकी निम्मे स्वतःच बंद असतात. घरात मटण शिजत नाही, त्यामुळे त्याबरोबर येणारी आठवणही येत नाही. थोडक्यात, नकार देण्याचं काम त्या माणसाला करावंच लागत नाही, ते पंचांग करतं. तीस दिवस त्याने पेला उचलला नाही हे खरं. पण समोर आलेला पेला परत करण्याचा सराव त्याला त्या तीस दिवसांत एकदाही झालेला नसतो.

यातूनच दुसरी गोष्ट घडते. महिना कोरडा गेला की त्याला पुरावा मिळतो: “मी ठरवलं तर सोडू शकतो, मग मी दारुडा कसा?” बायकोने पुढे वर्षभर कितीही सांगितलं तरी हे उत्तर तयार असतं. व्यसनाची एक खूण मात्र महिन्याच्या आत दिसते. ज्याला दारूचं फारसं पडलेलं नसतं, त्याला श्रावण कधी संपतो हे बघावं लागत नाही. ज्याच्या मनात नारळी पौर्णिमेपासूनच अमावास्येचा हिशेब चालू होतो, पोळ्यानंतरची बैठक कुठे हे ज्याचं पंधरा दिवस आधी ठरतं, त्याची दारू सुटलेली नसते. तो फक्त तारखेची वाट बघत असतो.

2025 चं पंचांग घेऊन हे प्रत्यक्ष पाहू. त्या वर्षी दीप अमावास्या 24 जुलैला होती आणि श्रावण 25 जुलैला लागला. महिना संपला 23 ऑगस्टला, शनिवारी. म्हणजे श्रावणानंतरचा पहिलाच दिवस रविवार. गणपती बसले 27 ऑगस्टला. समजा, वर्कशॉपमध्ये काम करणारा चाळिशीतला एक माणूस आहे. रोज क्वार्टर, पगाराच्या दिवशी त्याहून जास्त. त्याने श्रावण कडक पाळला. चौथ्या आठवड्यात त्याची झोप सुधारलेली होती, भूक लागत होती, घरात भांडण नव्हतं. रविवारी सकाळी महिन्याभराने मटण आलं. दुपारी मित्राचा फोन आला, आणि आता “श्रावण आहे” म्हणता येत नव्हतं. दुसरं काय म्हणायचं, हे त्याने ठरवलेलंच नव्हतं. शिवाय हिशेब सोपा होता: बुधवारी गणपती येणार, मग पुन्हा दहा दिवस बंद, तेव्हा आजच काय ते. संकल्प मोडावा असं त्याच्या मनातही नव्हतं. संकल्पाची मुदत संपली होती, एवढंच. गटारीला जसं येणाऱ्या महिन्याचं आदल्या रात्री पिऊन घेतात, तसंच या तीन दिवसांच्या फटीत घडलं.

त्या दिवशी शरीरातही एक धोका असतो. रोज पिणाऱ्याच्या मेंदूला आणि यकृताला दारूची सवय झालेली असते. महिनाभर दारू नसली की ती सवय बरीच उतरते. पण हात जुन्याच मापाने ओततो. पूर्वी क्वार्टर घेऊन तो घरी चालत यायचा, त्याच क्वार्टरवर आता तोल जातो, उलट्या होतात, आणि मोटारसायकलवर बसला तर काय होईल ते सांगायला नको. बेशुद्धीत उलटी श्वासनलिकेत गेली तर जीव जाऊ शकतो. महिन्याभरानंतर प्यायलेला माणूस झोपला असेल तर त्याला उताणं न ठेवता कुशीवर वळवावं. हाक मारून, हलवूनही तो जागा होत नसेल किंवा श्वास थांबत-थांबत येत असेल, तर सकाळ होण्याची वाट बघू नये.

सोमवारी सकाळी जे घडतं ते याहून महत्त्वाचं आहे. उपासाचा नियम असा की एक घास खाल्ला तरी उपास मोडतो. मोडला की मोडला, मग खिचडी काय आणि भाकरी काय. हाच नियम दारूला लावला की एका रविवारचा एक पेला म्हणजे सगळं संपलं, असं वाटतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लाट यांनी हीच गोष्ट नेमकी मांडली. पहिल्या पेल्याने माणूस घसरतो खरा, पण तो पूर्ण खाली जातो तो त्यानंतर स्वतःविषयी जे ठरवतो त्यामुळे. “माझ्यात दमच नाही” असं त्याने ठरवलं की दुसऱ्या दिवशी थांबायला कारण उरत नाही. धार्मिक संकल्पात याला अपराधाची जोड मिळते. देवाला दिलेला शब्द मोडला म्हणून तो घरी सांगत नाही, देवळात जात नाही, आणि लपवायचं म्हटलं की एकट्याने पिणं सुरू होतं. व्यसनमुक्ती केंद्रांत अशा पेल्याला ‘स्लिप’ म्हणतात आणि ती लपवून न ठेवता कोणाला तरी सांगायला लावतात. सांगितलेली स्लिप लवकर आवरू शकते. लपवलेली चालूच राहू शकते.

आणि हे चक्र दरवर्षी फिरवण्याची किंमत असते. दारू जोरात चालू, मग एकदम बंद, मग पुन्हा चालू, असं वारंवार झालं की बंद करताना होणारा त्रास प्रत्येक खेपेला वाढू शकतो. पहिल्या श्रावणात नुसता घाम आला, पाचव्यात हात थरथरले, दहाव्यात फिट आली, असं होऊ शकतं. “दरवर्षी सोडतो, काही होत नाही” हा भरवसा म्हणूनच फसवा आहे.

मग श्रावण वापरायचा कसा? डॉक्टरांकडे जायला हा महिना सगळ्यात चांगला, आणि नेमकं याच महिन्यात कोणी जात नाही, कारण सगळं ठीक चाललेलं असतं. दारूची ओढ कमी करणारी नालट्रेक्सोन आणि अ‍ॅकाम्प्रोसेट ही औषधं दारू बंद असतानाच उपयोगी पडू लागतात आणि पुढे काही महिने चालू ठेवतात. डायसल्फिराम हे तिसरं औषध. ते घेतलेलं असताना दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात. त्यामुळे ते पिणाऱ्याच्या संमतीनेच द्यायचं. जेवणात गुपचूप कालवून देणं जीवघेणं ठरू शकतं. ही औषधं मनोविकारतज्ज्ञ यकृताची तपासणी करून ठरवतात.

दुसरं काम तारखांचं. श्रावणाच्या दुसऱ्या आठवड्यात, डोकं स्वच्छ असताना, पुढच्या फटी कागदावर लिहून काढाव्या. 2025 मध्ये त्या अशा पडल्या असत्या: 24 ऑगस्टचा रविवार, 6 सप्टेंबरची विसर्जनाची रात्र, 2 ऑक्टोबरचा दसरा, आणि ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यातली दिवाळी, जेव्हा बोनसही हातात असतो. प्रत्येक तारखेसमोर तीन गोष्टी लिहायच्या: त्या दिवशी कुठे असणार, सोबत कोण असणार, आणि “बसायचं का?”ला काय म्हणणार. “गोळ्या चालू आहेत” हे उत्तर चालतं, कारण ते खरं असतं आणि त्याला मुदत नसते. त्या पहिल्या रविवारी मटण हवंच असेल तर बहिणीकडे जेवायला जावं, जिथे बाटली निघत नाही.

श्रावणाला सरळ चातुर्मास जोडणारेही आहेत. कार्तिकीपर्यंत न पिण्याचा संकल्प केला की गणपती आणि दिवाळी दोन्ही आत येतात, आणि नकाराचा सराव आपोआप होतो. पण त्यालाही शेवटची तारीख आहेच. वारकऱ्याच्या माळेला ती नसते, म्हणून माळ घालून सुटलेले लोक गावोगाव भेटतात. माळेचा धोका वेगळा. बसायच्या वेळी ती काढून खुंटीला अडकवायची आणि सकाळी पुन्हा घालायची, असं एकदा सुरू झालं की गाव हसतं आणि माणूस फडातून, भजनातून, म्हणजे त्याला धरून ठेवणाऱ्या माणसांतूनच बाजूला होतो. हे व्हायच्या आत फडातल्या एखाद्या जाणत्याला सांगितलं तर माळ आणि माणूस दोन्ही टिकतात.

पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रांत किंवा अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभांत संकल्प एका दिवसाचाच असतो: आज प्यायची नाही. उद्याचं उद्या. त्यात श्रावण नाही, म्हणून श्रावण संपतही नाही. केंद्राचा पत्ता हवा असेल तर 14446 या सरकारी नशामुक्ती हेल्पलाइनवर विनाशुल्क विचारता येतो. आणि रविवारी पेला उचलला गेलाच असेल, तर पुढच्या गटारीची वाट बघत अकरा महिने घालवण्याचं कारण नाही. भाद्रपदातला सोमवारसुद्धा चालतो.