‘शांत व्हा’ म्हटलं की आवाज चढतो

शनिवारी संध्याकाळी एका गृहस्थांनी मेडिकलच्या दुकानात क्यूआर स्कॅन करून ४,८६० रुपये भरले. खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज आला, पण दुकानदाराचा साउंडबॉक्स काही बोलला नाही. मागे रांग, हातात आईची औषधं. शेवटी त्यांनी एटीएम गाठलं, रोख पैसे आणून दिले आणि घरी जाऊन बँकेच्या कस्टमर केअरला फोन लावला. ‘चोवीस तासांत येतील’ असं उत्तर मिळालं. रविवारी रात्री पुन्हा फोन, पुन्हा चोवीस तास. सोमवारी सकाळी तिसरा फोन लागला तो तुम्हाला, आणि तुमचं ट्रेनिंग संपून पहिलाच आठवडा चाललाय.

कॉल सेंटरमध्ये नव्याने लागलेल्यांच्या डोक्यात अशा कॉलबद्दल काही पक्क्या समजुती असतात. त्यातल्या बऱ्याच शेजारच्या खुर्चीवरून आलेल्या असतात. हाच एक कॉल धरून त्या तपासू.

गैरसमज: आधी ग्राहकाला शांत करायचं, मग कामाचं बोलायचं

क्रम नेमका उलटा आहे. समोरचा माणूस शांत होतो तो कामाचं बोलणं सुरू झालं म्हणून. ‘सर, शांत व्हा’, ‘आधी माझं ऐकून घ्या’, ‘आवाज चढवू नका’ या तिन्ही वाक्यांत विषय पैशांवरून सरकून त्यांच्या वागण्यावर जातो. मग ते पैशांचं सोडून स्वतःचा बचाव करू लागतात: ‘मी कुठे आवाज चढवला?’ झालं, दोन मिनिटं त्यातच गेली.

पहिल्यांदा त्यांना बोलू द्यावं. फोनवर मान डोलावलेली दिसत नाही, म्हणून मध्ये मध्ये ‘हं’, ‘बरं’ एवढं ऐकू जायला हवं. नाहीतर ‘हॅलो, आहात ना?’ सुरू होतं आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली जाते. ते श्वास घ्यायला थांबले की त्यांचीच हकीकत त्यांना परत सांगा:

‘म्हणजे शनिवारी संध्याकाळी मेडिकलमध्ये चार हजार आठशे साठ रुपये भरले, खात्यातून गेले, दुकानदाराला मिळाले नाहीत, म्हणून तुम्हाला परत रोख द्यावे लागले. आणि आमच्याकडे हा तिसरा फोन. बरोबर?’

यावर बहुतेक वेळा ‘हो’ येतं, आणि त्या ‘हो’चा सूर आधीच्या वाक्यांपेक्षा खाली असतो. ‘मी तुमची अडचण समजू शकते’ हे स्क्रिप्टमधलं वाक्य इथे फिकं पडतं, कारण ते कोणत्याही कॉलला चालतं. रोख पैसे दुसऱ्यांदा द्यावे लागले हा तपशील मात्र ज्याने ऐकलंय तोच सांगू शकतो.

ओळख पटवण्याचे प्रश्न यानंतर येतात, आणि रागावलेल्या माणसाला ते हमखास खटकतात. कारण आधी सांगितलं तर निम्मा विरोध मावळतो: ‘खातं तुमचंच आहे याची खात्री झाल्याशिवाय मला हा व्यवहार उघडता येत नाही. दोनच गोष्टी विचारते. ओटीपी किंवा पिन मी विचारणार नाही, आमच्याकडून दुसऱ्या कोणी विचारला तरी सांगू नका.’ आधीच्या दोन कॉलच्या नोंदी स्क्रीनवर असतील तर तेही बोलून दाखवा: ‘नोंदी माझ्यासमोर आहेत, तुम्हाला पुन्हा सगळं सांगावं लागणार नाही.’ आणि आवाजावरून वयाचा अंदाज बांधून ‘काका’ म्हणू नका. एरवी गोड वाटणारा हा शब्द चिडलेल्या माणसाला लाडीगोडी वाटतो. ‘साहेब’ किंवा ‘सर’ पुरेसं आहे.

गैरसमज: सॉरी म्हटलं की चूक कबूल केल्यासारखं होतं

याच्या नेमकी उलट समजूतही तितकीच पसरलेली आहे, की जितकं जास्त सॉरी तितकं बरं. दोन्हींत एकच गोष्ट सुटते: सॉरी कशाबद्दल? तुमच्यासमोरच्या नोंदीत दोनदा ‘चोवीस तास’ लिहिलेलं आहे आणि पैसे आलेले नाहीत. एवढं तुम्हाला नक्की माहीत आहे, तर माफी तेवढ्याचीच मागा: ‘तुम्हाला दोनदा वेळ सांगितली आणि ती दोन्ही वेळा पाळली गेली नाही. त्याबद्दल सॉरी.’ एकदा, ठाम आवाजात. प्रत्येक वाक्याआधी सॉरी जोडलं की ग्राहकाला वाटू लागतं, या बाईंच्या हातात काहीच नाही.

‘आमच्या सिस्टिमचा घोळ झालाय’ हे मात्र बोलू नये, कारण ते तुम्हाला माहीत नाही. यूपीआय व्यवहारात तुमची बँक, मधलं नेटवर्क आणि दुकानदाराची बँक असे टप्पे असतात आणि गाडी कुठेही अडू शकते. ‘ते दुकानदाराच्या बँकेमुळे झालंय, सर’ हेही नको. खरं असलं तरी समोरच्याला ती टोलवाटोलवी वाटते. त्यांचे पैसे तुमच्या बँकेतून गेलेत, त्यामुळे त्यांच्या लेखी तुम्हीच बँक.

गैरसमज: जवळची वेळ सांगितली की कॉल सुटतो

तो कॉल सुटतो, पण पुढच्या माणसाकडे दुप्पट होऊन येतो. या गृहस्थांचा निम्मा राग ४,८६० रुपयांचा आहे; उरलेला निम्मा त्या चोवीस तासांचा.

वेळ सांगण्याआधी व्यवहाराची स्थिती बघा. बारा अंकी आरआरएन टाकून व्यवहार उघडला की ढोबळमानाने तीन चित्रं दिसतात. व्यवहार फेल होऊन पैसे परत फिरले असतील, तर खात्यातली जमेची नोंद वाचून दाखवली की काम झालं. सक्सेस होऊन पैसे दुकानदाराच्या खात्यात जमा झाले असतील, तर परतावा दुकानदाराकडून मिळायचा असतो. तिथे आरआरएन देऊन दुकानदाराला त्याचं खातं तपासायला सांगावं लागतं आणि हे ऐकायला कडू असलं तरी आजच सांगावं लागतं. तिसरं चित्र अधांतरी असतं: इकडून वजा झाले, तिकडून पक्कं उत्तर आलं नाही. आपला कॉल या तिसऱ्या प्रकारातला आहे.

अशा व्यवहारांसाठी रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात मुदती ठरवून दिल्या आहेत. यूपीआयने दुकानदाराला पैसे भरले, खात्यातून वजा झाले आणि दुकानात पुष्टी मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत पैसे आपोआप परत यायला हवेत. त्याहून उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि ती ग्राहकाने मागण्याची वाट न बघता द्यायची असते. एका व्यक्तीच्या खात्यातून दुसऱ्या व्यक्तीच्या खात्यात पाठवलेल्या पैशांसाठी हीच मुदत एका दिवसाची आहे. म्हणून दुकानातला क्यूआर खरोखर दुकानाचा होता की मालकाच्या खासगी खात्याचा, हेही बघून घ्यावं.

नवीन मुलं इथे ‘पाच वर्किंग डे’ म्हणून मोकळी होतात. परिपत्रकात दिवस कॅलेंडरचे आहेत, रविवारही मोजायचा. व्यवहार शनिवारचा, म्हणजे पाचवा दिवस गुरुवार. मग ‘पाच दिवस’ म्हणायचंच कशाला? वाराचं नाव घ्या:

‘व्यवहार अजून मध्येच अडकलेला दिसतोय. पैसे ना दुकानदाराकडे आहेत, ना तुमच्याकडे परत आलेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ते गुरुवारपर्यंत तुमच्या खात्यात यायला हवेत. त्याआधी येतील असं मी म्हणत नाही. गुरुवार उलटला तर शुक्रवारपासून दिवसाला शंभर रुपये भरपाई लागू होते. तक्रार मी आत्ता नोंदवते.’

‘म्हणजे आज नाहीच मिळणार?’ असा स्फोट होणार, हे धरून चाला. त्यावर ‘प्रयत्न करते’ म्हणण्याचा मोह होतो. त्याऐवजी: ‘आज मिळतील असं सांगितलं तर ती तिसरी खोटी वेळ होईल.’ हे वाक्य ऐकून लोक चिडतात असं वाटतं. बहुतेक जण क्षणभर गप्प होतात आणि तक्रार क्रमांक मागतात.

एक सावधगिरी. ‘हा व्यवहार मी केलेलाच नाही’ असं ग्राहक म्हणाला, तर वरचं सगळं बाजूला ठेवा. तिथे गुरुवारचं गणित सांगत बसणं धोक्याचं आहे. लगेच यूपीआय आणि कार्ड बंद करण्याची प्रक्रिया सुरू करा, सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवायला सांगा. असं प्रकरण कळवायला जितका उशीर, तितका नुकसानीचा भार ग्राहकाकडे सरकण्याची शक्यता वाढते.

गैरसमज: होल्ड म्हणजे दोघांनाही उसंत

उसंत फक्त तुम्हाला मिळते. तिकडे संगीत वाजत असतं आणि माणूस मनात पुढची वाक्यं जुळवत असतो. होल्डवर टाकण्याआधी कारण आणि वेळ सांगून परवानगी घ्या: ‘व्यवहाराची स्थिती दुसऱ्या विभागाला विचारायची आहे, दोन मिनिटं लागतील. थांबता का, की मी परत फोन करू?’ काम झालं नसलं तरी दोन मिनिटांच्या आत परत या आणि तसं सांगा.

गैरसमज: सुपरवायझर मागितला म्हणजे आपण हरलो

ती ग्राहकाची मागणी आहे, तुमच्या कामाचा निकाल नाही. अडवून धरलं की ती जास्तच ताठ होते. ‘नक्की जोडून देते. त्यांना सगळं आधी मीच सांगते, म्हणजे तुम्हाला चौथ्यांदा सांगावं लागणार नाही. फक्त एक आधीच सांगते, मुदत त्यांच्याकडेही गुरुवारचीच आहे.’ हे शेवटचं वाक्य ऐकून काही जण सुपरवायझरचा नाद सोडतात. जे सोडत नाहीत त्यांना खरंच जोडून द्या. ‘मी रिझर्व्ह बँकेकडे जाईन’ म्हटलं तरी गडबडू नका. बँकेने तक्रारीवर ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. विचारलं तर ही माहिती सरळ द्या, लपवण्यासारखं त्यात काही नाही.

शिव्यांचं वेगळं. ‘तुमची बँक चोर आहे’ हे ऐकून घ्यायचं असतं. तुम्हाला उद्देशून शिवी आली तर एकदा स्पष्ट सांगायचं: ‘बँकेवरचा तुमचा राग मी ऐकून घेते आहे. पण मला शिवी दिलीत तर मला कॉल बंद करावा लागेल. तक्रार पूर्ण करू या का?’ पुन्हा तेच झालं तर कंपनीच्या नियमाप्रमाणे कॉल संपवा आणि नोंदीत तसं लिहा.

कॉल संपताना ‘आणखी काही मदत करू शकते का?’ हा ठरलेला प्रश्न या गृहस्थांना विचारू नका, भले क्वालिटीवाले अर्धा गुण कापोत. पहिली मदत अजून पोचलेली नाही. तक्रार क्रमांक तीन-तीन आकड्यांच्या गटात, लिहायला वेळ देत सांगा आणि त्यांच्याकडून एकदा वाचून घ्या. मग नोंद लिहा, चौथा फोन आलाच तर तो घेणाऱ्याच्या उपयोगी पडेल अशी: ‘दुकानात यूपीआय, शनिवार, ४,८६० रु., स्थिती अधांतरी. ग्राहकाने दुकानात रोख भरले. आधी दोनदा २४ तास सांगितले गेले. आज गुरुवार ही तारीख आणि शुक्रवारपासूनची भरपाई सांगितली, ग्राहकाला मान्य. कृपया नवीन वेळ देऊ नये.’