मोटार जळाली? खोलण्याआधी वॉरंटी कार्ड वाचा

पिंप्राळा : बोअरची मोटार जळाली की आधी गावातल्या वायंडिंगवाल्याकडे नेली जाते. तिथंच वॉरंटी हातची जाते. कंपनीच्या माणसाआधी दुसऱ्याने मोटार खोलली तर दावा धरत नाहीत, ही अट बहुतेक कार्डांवर बारीक अक्षरात असते.

मुदतीतही मेख आहे. अनेक कार्डांवर 'विक्रीपासून १२ किंवा उत्पादनापासून १८ महिने, जे आधी संपेल ते' असं छापलेलं असतं. समजा मोटार जानेवारी २०२५ मध्ये बनली आणि डिसेंबरात घेतली. बिल पाहून वर्षभर वाटतं, पण वॉरंटी जुलै २०२६ मध्येच संपते. म्हणून घेतानाच मोटारीच्या प्लेटवरचा महिना बघावा.

भरपाई फक्त कारखान्यातल्या दोषाची. बोअर आटून मोटार कोरडी चालली किंवा एक फेज गेल्याने जळाली, तर नाही. फेज गेल्यावर वायंडिंगचा ठरावीक भागच काळा पडतो, तपासणाऱ्याला ते लगेच कळतं. त्यामुळे स्टार्टरला फेज गेल्यावर मोटार बंद करणारं यंत्र बसवलेलं बरं.

मोटार वर काढली की न खोलता, पक्कं बिल आणि दुकानदाराचा शिक्का-तारीख असलेलं कार्ड घेऊन दुकानात न्यावी, जमा केल्याची पावती मागावी. वर काढण्याची मजुरी सहसा आपल्याच खिशातून जाते. दुकानदार टोलवत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवता येते.