पुनर्रचनात्मक स्मृती आणि प्रत्यक्षदर्शी साक्षीतील चुका

पुनर्रचनात्मक स्मृती ही मानसशास्त्रातील एक संकल्पना आहे. भूतकाळातील प्रसंग आठवताना मेंदू साठवून ठेवलेले चित्र जसेच्या तसे बाहेर काढत नाही. शिल्लक राहिलेले तपशील, पूर्वानुभव, नंतर कानावर आलेली माहिती आणि अपेक्षा यांच्या आधारे तो तो प्रसंग नव्याने उभा करतो, असे ही संकल्पना सांगते. त्यामुळे एखादी आठवण अत्यंत स्पष्ट असूनही आणि ती सांगणारी व्यक्ती पूर्णपणे प्रामाणिक असूनही ती चुकीची असू शकते. फौजदारी खटल्यात आरोपीची ओळख प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराच्या सांगण्यावरून ठरते, तेव्हा या गोष्टीला विशेष महत्त्व येते.

## संकल्पनेचा उगम

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ही कल्पना मांडली. त्यांनी केंब्रिज येथील सहभागींना उत्तर अमेरिकेतील मूलनिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि काही काळाने ती पुन्हा सांगायला लावली. ऐकणाऱ्याला अनोळखी वाटणारे तपशील कथेतून गळत गेले, तर काहींची जागा सहभागींच्या परिचयाच्या गोष्टींनी घेतली. कथेतील होडीच्या प्रवासातील अनोळखी बारकावे नाहीसे होऊन त्याला ओळखीचे रूप येत असे. आपण काही बदलले आहे याची जाणीव सांगणाऱ्यांना नव्हती.

## प्रश्नातून घडणारी आठवण

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये केलेल्या प्रयोगात ४५ विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघातांच्या चित्रफिती दाखवल्या. त्यानंतर मोटारींच्या वेगाबद्दल प्रश्न विचारला. प्रश्नातील क्रियापद मात्र गटागटानुसार वेगळे होते. मोटारी एकमेकींवर ‘आदळून चक्काचूर झाल्या’ अशा अर्थाचे क्रियापद ऐकणाऱ्यांनी सरासरी वेग ताशी ४० मैलांहून अधिक सांगितला, तर मोटारींचा ‘स्पर्श झाला’ असे ऐकणाऱ्यांनी ३१.८ मैल सांगितला.

दुसऱ्या प्रयोगात चित्रफीत पाहिल्यानंतर एक आठवड्याने सहभागींना फुटलेली काच दिसली होती का, असे विचारण्यात आले. चित्रफितीत काच कुठेही नव्हती. तरीही जोरदार क्रियापद ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांनी काच पाहिल्याचे सांगितले. साधे ‘धडकल्या’ हे क्रियापद ऐकलेल्या ५० जणांत ही संख्या ७ होती. म्हणजे प्रश्नातील एका शब्दाने केवळ अंदाजच बदलला नाही, तर काहींच्या आठवणीत न घडलेली गोष्टही घातली.

## स्पष्टता आणि खात्री

आठवण जितकी ठसठशीत तितकी ती खरी, असा सर्वसाधारण समज आहे. जानेवारी १९८६ मध्ये ‘चॅलेंजर’ अवकाशयानाचा स्फोट झाला. त्याच्या दुसऱ्या दिवशी उल्रिक नायसर आणि निकोल हार्श यांनी विद्यार्थ्यांकडून, ही बातमी कुठे व कशी कळली, याची लेखी नोंद घेतली. सुमारे अडीच वर्षांनी त्यांपैकी ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. ११ जणांचे उत्तर मूळ नोंदीशी एकाही मुद्द्यावर जुळले नाही. तरीही सहभागींची खात्री एकूण बरीच जास्त होती. स्वतःच्या हस्ताक्षरातील जुनी नोंद दाखवल्यानंतरही मूळ आठवण परत आली नाही.

याचे कारण असे की खात्री ही आठवण किती सहज आणि ओघवती सुचते यावर बरीच अवलंबून असते. एखादी घटना पुन्हापुन्हा सांगितली की ती अधिक सहज सुचू लागते, मग तिच्यातील तपशील बरोबर असोत वा चूक. साक्षीदाराने एखाद्याला ओळखल्यावर ‘बरोबर ओळखले’ असे कोणी सांगितले, तरीही खात्री वाढते. इतकेच नव्हे, तर गुन्हेगाराचा चेहरा आपण नीट पाहिला होता, असेही त्याला नंतर वाटू लागते. गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफील्ड यांनी १९९८ मध्ये हा परिणाम प्रयोगातून दाखवला. यामुळे न्यायालयात दिसणारी खात्री पहिल्या क्षणीच्या खात्रीपेक्षा पुष्कळ वेगळी असू शकते.

## महाराष्ट्रातील एक खटला

५ जून २००३ च्या रात्री महाराष्ट्रातील एका शेतवस्तीवर दरोडा पडून पाच जणांची हत्या झाली. हल्ल्यातून वाचलेली आई आणि मुलगा हे खटल्यातील मुख्य साक्षीदार होते. भटक्या जमातीतील सहा जणांवर खटला चालला. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची शिक्षा जन्मठेपेत बदलली, परंतु २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली.

पुढे हे प्रकरण पुन्हा सुनावणीस आले आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांची निर्दोष मुक्तता केली. घटनेनंतर दोन दिवसांनी, ७ जून २००३ रोजी, साक्षीदार महिलेने पोलिसांकडील छायाचित्रांतून दुसऱ्याच चार व्यक्तींना ओळखले होते. त्या चौघांबाबत तपास पुढे गेला नाही आणि नंतर तिने आरोपींना ओळखले. न्यायालयाने दोन्ही साक्षीदारांच्या जबाबांतील विसंगती आणि नंतर पडलेली भर यांकडे लक्ष वेधून हा पुरावा विश्वासार्ह नसल्याचे ठरवले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. तोपर्यंत आरोपींची सुमारे सोळा वर्षे तुरुंगात गेली होती.

साक्षीदाराच्या स्मृतीत नेमके काय घडले, हे या निकालाने ठरवलेले नाही. आरोपींना खोटेपणाने गोवले जाण्याची शक्यता आणि तपासातील त्रुटी यांवर न्यायालयाचा भर होता. तरी खटल्यातील क्रम उल्लेखनीय आहे. घटनेच्या सर्वांत जवळची ओळख एकांची होती आणि शिक्षा दुसऱ्यांना झाली. रात्रीची वेळ, जिवावरचा प्रसंग, अनोळखी अनेक हल्लेखोर आणि मध्ये दाखवलेली छायाचित्रे या सर्व परिस्थितीत चेहऱ्याची ओळख चुकण्याची शक्यता वाढते, असे संशोधन सांगते. छायाचित्राचा धोका विशेष आहे: एकदा पाहिलेला चेहरा पुढे ओळखीचा वाटतो, पण तो कुठे पाहिला, हे विसरले जाते आणि ती ओळख गुन्ह्याच्या जागेशी जोडली जाते.

## ओळख परेड

भारतात तपासादरम्यान ओळख परेड घेतली जाते. या परेडमधील ओळख हा स्वतंत्र पुरावा मानला जात नाही. साक्षीदाराने न्यायालयात पटवलेल्या ओळखीला ती केवळ पुष्टी देते. मानसशास्त्राच्या दृष्टीने मात्र घटनेनंतरची पहिली ओळख सर्वांत मोलाची असते, कारण न्यायालयातील ओळख अनेक वर्षांनी होते आणि आरोपी कोण, हे तेव्हा आसनावरूनच कळते.

महाराष्ट्रातील मार्गदर्शक नियमांनुसार एका संशयितासाठी परेडमध्ये किमान सहा व्यक्ती असणे अपेक्षित आहे. या व्यक्ती संशयिताशी मिळत्याजुळत्या नसतील, तर साक्षीदार आठवणीवरून नव्हे, तर वेगळेपणावरून निवड करतो. संशयित कोण हे परेड घेणाऱ्यालाच ठाऊक नसणे, गुन्हेगार रांगेत नसूही शकतो असे साक्षीदाराला आधी सांगणे आणि निवड करताच त्याची खात्री त्याच्याच शब्दांत लिहून घेणे, हे उपाय संशोधक सुचवतात.

## मर्यादा

प्रत्येक स्मृती अविश्वसनीय असते, असा या संशोधनाचा अर्थ नाही. घटनेचा गाभा अनेकदा टिकतो आणि परिचित व्यक्तीची ओळख अनोळखी व्यक्तीच्या ओळखीपेक्षा बरीच विश्वसनीय असते. जॉन विक्स्टेड आणि गॅरी वेल्स यांनी २०१७ मध्ये दाखवले की पहिली ओळख परेड योग्य रीतीने घेतली असेल, तर त्या वेळची उच्च खात्री अचूकतेचे चांगले लक्षण ठरते. मात्र चूक आठवण आतून ओळखता येत नाही. ती खऱ्या आठवणीइतकीच खरी वाटते. ती ओळखण्यासाठी पहिला जबाब, वेळेची नोंद किंवा भौतिक पुरावा असा बाहेरचा आधार लागतो.