मागावरची तारीख

लग्नाला दोन महिने उरले की येवल्याच्या विणकराकडे फोन येतो : "पदरावर बांगडी मोर हवेत, अंग अंजिरी. होईल ना?" गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून "होईल" म्हटलं जातं, आणि तक्रारीचं मूळ तिथेच पडतं.

हातमागावर तारीख कशी काढायची, ते एका उदाहरणाने पाहू. पदर 40 इंच. मोरांचं काम दाट, दर रंगाचा धागा हाताने वेगळा गुंतवायचा, म्हणून दिवसाला इंचभरच सरकतं : 40 दिवस. उरलेलं अंग साधारण 180 इंच, लहान बुट्ट्यांसह रोज सहा इंच धरलं तर 30 दिवस. म्हणजे विणकामाचेच 70 दिवस, आणि महिन्यात प्रत्यक्ष विणकामाचे 25 दिवस मिळतात. पण मोजणी ऑर्डरच्या दिवसापासून सुरू होत नाही, माग मोकळा होतो त्या दिवसापासून होते. आत्ता मागावर असलेली साडी उतरायला 20 दिवस लागतील. शिवाय एका ताण्यावर सहसा एकाहून अधिक साड्या विणतात. अंजिरी अंग हवं तर नवा ताणा रंगवून, मागावर चढवून एकेक धागा जोडावा लागेल, त्याचे 12 दिवस. आजारपण, सण, दमट हवा यांसाठी तीन आठवडे राखले, तर 1 नोव्हेंबरच्या ऑर्डरला मार्चचा शेवटचा आठवडा सांगावा. लग्न फेब्रुवारीत असेल तर ऑर्डर नाकारून तयार साडी दाखवावी. माझ्या मते हे 'नाही' विणकराची पत वाढवतं.

आता पैसा. साडी 40 हजारांची, त्यात रेशीम आणि जर 12 हजारांची असेल, तर आगाऊ तेवढेच घ्यावेत. निम्मी साडी विणून झाल्यावर मागावरचा फोटो पाठवून 10 हजार, बाकी साडी हाती देताना. आगाऊ रक्कम वेगळ्या बँक खात्यात ठेवावी आणि त्याच साडीच्या मालावर खर्च करावी. नव्या गिऱ्हाइकाच्या पैशातून जुन्या ऑर्डरचं रेशीम आणायला लागलो की एखादा महिना नवी ऑर्डर आली नाही तरी सगळ्याच साड्या अडतात. याची खूण सोपी आहे : ऑर्डर लिहून महिना झाला, आगाऊ पैसे संपले आणि रेशीम घरात नाही.

पावतीवर रंग, नक्षी, काठाची रुंदी, तारीख आणि परतीची अट लिहावी. रेशीम रंगायला जाण्याआधी ऑर्डर रद्द झाली तर पूर्ण पैसे परत. रंगल्यावर रद्द झाली तर दुसऱ्या साडीत वापरता न येणाऱ्या मालाचीच किंमत कापावी. विणकराकडून तारीख चुकली तर थांबायचं की सगळी रक्कम परत घ्यायची, हे गिऱ्हाइकाने ठरवावं. उशीर होणार हे कळलं त्याच दिवशी फोन करावा, कारण ब्लाउज शिवायला आणि फॉल-पिकोलाही वेळ लागतो.

पैठणी सांगायला जाल तेव्हा "कधी मिळेल" याआधी "माग कधी मोकळा होईल" हे विचारा, आणि पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.