पाच तारखेचा हप्ता, सहा तारखेचा भाव

एसआयपीचा हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला असतो, असे आपण सहज म्हणतो. शीटमध्येही तेच लिहितो आणि त्या तारखेची एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा त्या दिवशीचा भाव, शेजारच्या रकान्यात भरतो. महिनाअखेरीस फंडाचा खातेउतारा येतो आणि युनिटांचा आकडा जुळत नाही. माझा पहिले आठ महिने जुळत नव्हता. मी दोष फंडाला देत होतो. चूक माझ्या सूत्रात होती.

भाव मिळवणे अवघड नाही. फंड कंपन्यांची संघटना ‘ॲम्फी’ सगळ्या योजनांचे भाव NAVAll.txt या एकाच फाइलमध्ये देते. बहुतेक योजनांचा दिवसाचा भाव रात्री उशिरा येतो, म्हणून नोंद दुसऱ्या दिवशी सकाळी करावी. फाइलमध्ये प्रत्येक योजनेची एक ओळ असते आणि ओळीच्या शेवटी भाव आणि त्याची तारीख. आपल्या योजनेची ओळ नावावरून शोधू नये. डायरेक्ट आणि रेग्युलर, ग्रोथ आणि लाभांशाचा पर्याय, यांची नावे जुळ्या भावांसारखी असतात, भाव मात्र वेगळे. खातेउताऱ्यावरचा आयएसआयएन क्रमांक जुळवावा, म्हणजे घोळ होत नाही.

खरी गोम तारखेत आहे. बाजार बंद असला की फाइलमध्ये शेवटच्या कामकाजाच्या दिवसाचा भाव तसाच राहतो. रविवारी फाइल उघडून समोर दिसलेला आकडा रविवारच्या तारखेपुढे लिहिला, तर कधी अस्तित्वात नसलेला भाव शीटमध्ये घुसतो. म्हणून ‘आजची तारीख’ लिहायची नाही; फाइलमधली तारीखच उतरवायची. ती आधीच नोंदलेली असेल तर त्या दिवशी काहीच लिहायचे नाही. सुट्टीच्या दिवसांच्या ओळी शीटमध्ये नसणे हेच बरोबर.

आता ऑक्टोबर २०२५ घ्या. ५ तारीख रविवारी आली होती. समजा शुक्रवारी, ३ तारखेला, भाव ८२.१५ होता आणि सोमवारी, ६ तारखेला, ८२.९० (आकडे उदाहरणापुरते). हप्ता ५,००० रुपयांचा. त्यातून ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे २५ पैसे, वजा होऊन ४,९९९.७५ रुपये गुंतले. माझे जुने सूत्र VLOOKUP चे होते आणि त्याच्या शेवटी TRUE होते. नेमकी तारीख सापडली नाही की ते मागची तारीख धरते. त्याने शुक्रवारचा भाव उचलला आणि ६०.८६१ युनिटे दाखवली. प्रत्यक्षात सुट्टीच्या दिवशीचा हप्ता पुढच्या कामकाजाच्या दिवशी जातो, म्हणजे सोमवारच्या भावाने ६०.३११ युनिटे. फरक अर्ध्या युनिटाचा, पण दर दोन-तीन महिन्यांनी असा एखादा घडतो आणि उतारा कायमचा बिनसतो.

भावाच्या तारखा A रकान्यात, भाव B मध्ये आणि हप्त्याची तारीख D2 मध्ये असेल, तर पुढची तारीख धरणारे सूत्र असे:

```
=XLOOKUP(D2, A:A, B:B, "", 1)
```

शेवटचा 1 म्हणजे ‘नसेल तर पुढची’. आज गुंतवणुकीची किंमत किती, हे सुट्टीच्या दिवशी काढताना मात्र मागचाच भाव हवा. तिथे 1 च्या जागी -1 लिहायचे. एकाच तक्त्यात दोन उलट दिशांची गरज आहे, हे मला फार उशिरा उमगले. सूत्र काहीच परत देत नसेल, तर तारखांचा रकाना बघा: तारखा डावीकडे चिकटलेल्या असतील तर शीट त्यांना तारीख नव्हे, मजकूर समजते आहे.

एवढे करूनही एखादा महिना चुकेल. १ फेब्रुवारी २०२१ पासून रक्कम कितीही असो, पैसे फंडाच्या खात्यात पोहोचले त्या दिवसाचा भाव लागतो. इक्विटी योजनांना दुपारी ३ ची मर्यादा. बँकेने आपल्या खात्यातून पैसे सोमवारी कापले आणि ते मंगळवारी पोहोचले, तर मंगळवारचा भाव. समजा तो ८२.४० आहे, उताऱ्यावर ६०.६७७ युनिटे दिसतील. हे कोणतेही सूत्र आधी सांगू शकत नाही. ओळखायचे असे: ४,९९९.७५ ला उताऱ्यातल्या युनिटांनी भागा आणि येणारा भाव आपल्या रोजच्या नोंदीत शोधा. ज्या तारखेपुढे सापडेल, त्या दिवशी पैसे पोहोचले. रोजची नोंद ठेवण्याचा मला दिसणारा सर्वात मोठा उपयोग हाच. भाव रोज बघत बसण्यासाठी तिची गरज नाही.

म्हणून हप्त्याच्या तक्त्यात दोन तारखा ठेवा, ठरलेली आणि युनिटे मिळाल्याची. परतावा काढण्याच्या XIRR सूत्राला पहिलीऐवजी दुसरी द्या. उतारा आणि शीट यांत फरक पडला, तर युनिटे उताऱ्याचीच धरा.